वऱ्हाडाच्या खोल्या आणि स्वागताच्या पिशव्या: कोल्हापुरातल्या एका लग्नाचं प्रकरण

लग्नघरी पाहुण्यांची उतरण्याची सोय बघणं हे माझं काम. खालचं प्रकरण खरं आहे. नावं काढली आहेत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. हॉलची सजावट, जेवण, फोटो यांबद्दल यात काही नाही. खोल्यांचा तक्ता आणि खोलीत द्यायची पिशवी, एवढ्यापुरतंच हे आहे.

## पार्श्वभूमी

मुलगी कोल्हापूरची, मुलगा नागपूरचा. वैशाखातलं लग्न. आदल्या संध्याकाळी सीमंतपूजन, दुसऱ्या दिवशी दुपारी मुहूर्त. यजमान मुलीकडचे, त्यामुळे राहायची सगळी व्यवस्था त्यांच्या अंगावर. मुलीच्या वडिलांनी हे काम धाकट्या भावाकडे सोपवलं होतं. त्यांना आपण काका म्हणू.

राहायला येणारी कुटुंबं २९ होती. १३ नागपूरकडची, म्हणजे वरपक्ष. ४ मुंबईची आणि १२ पुण्याची, ही सगळी वधूपक्षाची. माणसं ९६, त्यांत ९ मुलं आईजवळ झोपणारी. काकांनी ९६ ला ३ ने भागलं, उत्तर ३२ आलं, आणि तेवढ्या खोल्या धरल्या: एका हॉटेलात २६ आणि कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर ६. हॉटेलची खोली दोघांची, हवी तर एक जादा गादी. हॉटेलकडे अशा गाद्या १२. कार्यालयाच्या खोलीत चार कॉट, गाद्या हव्या तितक्या, पण लिफ्ट नाही.

मला बोलावलं तेव्हा लग्नाला आठवडा राहिला होता. काकांच्या वहीत दोन पानं भरलेली होती. 'पुण्याचे आप्पा ४', 'नागपूर मामा २ (मान)', 'मुंबई ताई + मुलं' अशा नोंदी, आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीने खोलीचा क्रमांक. हॉटेलच्या मॅनेजरकडून मजल्यांचा नकाशा घेऊन काकांनी हे क्रमांक स्वतःच वाटले होते. त्या क्रमांकांची चिकटपट्टी लावलेल्या काही पिशव्याही तयार होत्या.

## अडचण

पहिली अडचण भागाकाराची. माणसं ३२ खोल्यांत मावतात, कुटुंबं मावतीलच असं नाही. चौघांचं कुटुंब हॉटेलात उतरलं तर त्यांना दोन खोल्या लागतात आणि दोन गाद्यांची जागा फुकट जाते, कारण तिथे परकं माणूस झोपवता येत नाही. दोघांच्या जोडप्याला एक खोली द्यावीच लागते. म्हणून मी कुटुंबं आकाराप्रमाणे मांडली. लहान मुलं सोडून दोघांची १०, तिघांची ९, चौघांची ५, पाचांची २, एकटे आलेले २ आणि नवरदेवाचं घर ८ जणांचं. सगळ्यांना हॉटेल द्यायचं म्हटलं तर ३९ खोल्या लागत होत्या.

चौघांची पाचही कुटुंबं आणि पाचांचं एक कार्यालयात गेलं की त्या ६ खोल्या भरतात. उरलेल्यांना हॉटेलात २७ लागतात. एकटे आलेले दोघे नवरदेवाचे मित्र होते. त्यांना एका खोलीत घातलं की २६. बरोबर बसलं. गाद्या १० लागल्या, २ उरल्या. कागदावर सुटसुटीत दिसतं, पण याचा अर्थ असा की ऐनवेळी एकही खोली हाताशी नाही.

दुसरी अडचण मानपानाची. कार्यालयात जाणाऱ्या चौघांच्या पाच कुटुंबांपैकी तीन नागपूरची होती. वरपक्षातले काही हॉटेलात लिफ्टने वर जाणार आणि काही जिने चढून कॉटवर झोपणार. याबद्दल तोंडावर कोणी बोलत नाही, पण पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं.

तिसरी अडचण पिशवीची. पिशवी नक्की कोणाला, खोलीला की कुटुंबाला की माणशी, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. खोलीला म्हटलं तर नवरदेवाच्या घरी चार पिशव्या जाणार आणि कार्यालयातल्या पाच जणांत एक. शिवाय काकांनी काही पिशव्यांत मानाच्या वस्तूही घातल्या होत्या. नवरदेवाच्या मामांच्या पिशवीत शाल-श्रीफळ होतं.

## पर्याय आणि निर्णय

वरपक्ष कुठे उतरवायचा. एक पर्याय म्हणजे आणखी खोल्या त्याच हॉटेलात घेणं. तिथी दाट होती, हॉटेल भरलं होतं. दुसरा म्हणजे नागपूरच्या तीन कुटुंबांना कार्यालयातच ठेवून खोल्या नीट करून देणं. तिसरा अदलाबदलीचा: त्या तीन कुटुंबांना हॉटेलात सहा खोल्या लागतात, तेवढ्याच सहा खोल्या वधूपक्षाच्या सहा जोडप्यांनी सोडायच्या आणि कार्यालयाच्या तीन खोल्यांत दोन-दोन जोडप्यांनी राहायचं. काकांनी हाच घेतला. जोड्या लावताना सख्खे भाऊ-भावजया एका खोलीत येतील असं पाहिलं आणि प्रत्येकाला आधी फोन केला. एका वहिनींनी 'आम्ही काय, घरचेच' म्हटलं, पण त्यांच्या यजमानांच्या गुडघ्याचं दुखणं दुसऱ्या कोणाकडून कळलं. त्यांच्या जागी दुसरं जोडपं घेतलं. लिफ्ट लागते का, हे कुटुंबप्रमुखाला विचारून कळत नाही. त्यांच्या सुनेला किंवा मुलीला विचारावं.

हाताशी खोली. जवळच्या साध्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. त्यांतली एक लगेच भरली, कारण पुण्याहून येणाऱ्या दोन मिनीबसचे चालक २९ कुटुंबांच्या यादीत कुठेच नव्हते. चालक बहुतेक याद्यांत नसतात आणि मग रात्री गाडीत झोपतात. दुसरी खोली मोकळी ठेवली. या लॉजमध्ये कोणत्या कुटुंबाला हलवायचं नाही हेही तेव्हाच लिहून ठेवलं: नागपूरकडच्या एका कुटुंबातले जावई परदेशी नागरिक होते. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलला त्याची माहिती २४ तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते. लॉजवाल्यांनी आपल्याकडे ती सोय नसल्याचं सांगितलं होतं.

मुंबईकर. ही चार कुटुंबं महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळीच पोचणार होती आणि हॉटेलची खोली दुपारी १२ ला मिळते. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला चार तास लॉबीत बसवणं बरं नाही. चारही खोल्या आदल्या रात्रीपासून घेणं महाग पडत होतं, म्हणून दोनच घेतल्या. एक बायकांना आंघोळीला, एक पुरुषांना. बारानंतर सगळे आपापल्या खोल्यांत गेले.

पिशवी कोणाला. यावर बराच खल झाला. शेवटी एका संसाराला एक पिशवी असं ठरलं. जोडपं म्हणजे एक संसार, एकट्याने आलेली मोठी व्यक्ती म्हणजेही एक. आईवडील आणि मुलगा-सून अशी चौघं एका खोलीत असली तरी दोन पिशव्या. मोजून ३६ आल्या, सहा जादा धरून ४२ केल्या. पाण्याची बाटली आणि लाडू मात्र माणशी.

पिशवीत काय. नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी, चिवडा, गुळाची छोटी ढेप, ओआरएसची दोन पाकिटं, सेफ्टी पिना, टिकल्यांचं पाकीट, सुईदोरा, कंगवा, डासांचं मलम, आणि कार्यक्रमाची पत्रिका. पत्रिकेच्या मागे तीन फोन नंबर. नारळाच्या वड्या यादीत होत्या, त्या काढल्या. मे महिन्यात बंद पिशवीत ओल्या खोबऱ्याला दुसऱ्या दिवशी वास येतो. डोकेदुखीच्या गोळ्याही काढल्या. कोणाला काय चालत नाही ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून गोळ्या हॉटेलातल्या आमच्या टेबलावर ठेवल्या, मागेल त्याला द्यायच्या.

हळदी-कुंकवाचा करंडा आणि खण यांवर मुलीच्या आईचा आणि माझा बराच वेळ गेला. त्यांना प्रत्येक पिशवीत करंडा हवा होता. यादीत तीन विधवा बायका होत्या, एक तर नवरदेवाची सख्खी काकू. त्यांच्या पिशवीतून करंडा वगळला तर शेजारच्या खोलीतली पिशवी बघून ते लक्षात येणार, आणि घातला तर त्यांच्या घरात ते कसं घेतलं जाईल हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मग करंडा सगळ्याच पिशव्यांतून काढला. गजरे सकाळी टोपलीतून नेले, ज्यांना हवे त्यांनी घेतले. ओटी भरायची ती सीमंतपूजनाला, हाताने.

## तक्ता कसा केला

वहीतला पेन्सिलीचा खोली क्रमांक सगळ्यात आधी काढला. हॉटेल खोल्यांचा प्रकार नक्की करतं, क्रमांक नाही. क्रमांक किल्ली हातात पडली की ठरतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाला एक खूण दिली: नागपूरकरांना 'व-०१' पासून, आपल्या माणसांना 'घ-०१' पासून. पिशवीला बांधायच्या चिठ्ठीवर ही खूण आणि कुटुंबाचं नाव. तयार पिशव्यांवरच्या खोली क्रमांकाच्या पट्ट्या ओल्या फडक्याने काढल्या.

एका ओळीत एका कुटुंबाची एकच खोली. नवरदेवाच्या घरच्या चार खोल्यांच्या चार ओळी, चारही ओळींवर 'व-०१'. एकाच चौकटीत चार क्रमांक लिहिले की नंतर मोजता येत नाही आणि त्यांतली एक बदलली की कोणती ते कळत नाही. रकाने असे होते: खूण, कुटुंबप्रमुख, मोबाइल, मोठी माणसं, लहान मुलं, येण्याची वेळ, ठिकाण, खोली क्रमांक, किल्ली कोणी घेतली, ठरलेल्या पिशव्या, दिलेल्या पिशव्या, कोणाच्या हातात आणि केव्हा, आणि शेवटी इतर (जादा गादी, गरम पाण्याचा थर्मास, बाळाचं दूध वगैरे). खोली क्रमांक H मध्ये, ठरलेल्या पिशव्या J मध्ये, दिलेल्या K मध्ये. खाली एक सूत्र:

```
=SUMPRODUCT((H2:H60<>"")*(J2:J60-K2:K60))
```

ज्या ओळीत खोली क्रमांक भरला आहे, तिथल्या किती पिशव्या अजून द्यायच्या आहेत, ते यातून दिसतं. खोलीच मिळालेली नाही अशी कुटुंबं यात धरली जात नाहीत, म्हणून आकडा उगाच फुगत नाही.

फोनवरचा तक्ता सगळ्यांना दिसत होता, पण लिहायची मुभा एकाच माणसाला, मुलीच्या मामेभावाला. हॉटेलच्या टेबलावर मोठ्या कागदावर छापील प्रत होती, तीही त्याच्याच पेनाने भरायची. लॉबीत यादी चिकटवायची नाही असं ठरवलं. कोणत्या खोलीत कोण उतरलंय आणि सगळे जेवायला कधी जाणार, हे लग्नात अनोळखी माणसाला कळू देऊ नये. बायकांचे दागिने त्याच खोल्यांत असतात. ओळखपत्रांचे फोटोही आधी मागवून हॉटेलला दिले, म्हणजे नोंदणीचे कागद भरून तयार राहतील. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते, तीच पाठवा असं प्रत्येकाला सांगितलं.

## निर्णायक वळण: पिशवी आधी ठेवायची की हातात द्यायची

माझं मत होतं की पिशवी टेबलावरच द्यावी, किल्लीबरोबर. किल्ली घेणारा माणूस समोर असतो, खूण जुळते, नोंद होते. काकांना ते रेशनच्या रांगेसारखं वाटत होतं. 'नागपूरकरांनी खोलीत पाऊल टाकलं की पिशवी दिसली पाहिजे,' हा त्यांचा हट्ट. त्यांचंही चुकत नव्हतं. चोवीस तासांहून जास्त प्रवास करून आलेल्या पाहुण्याला खोलीत बर्फी आणि पाण्याची बाटली दिसणं यात खरं अगत्य आहे, आणि १३ कुटुंबं एकदम उतरल्यावर टेबलावर गर्दीही होते. म्हणून तोडगा असा निघाला: वरपक्षाच्या पिशव्या आधीच खोल्यांत, आपल्या माणसांच्या टेबलावर.

हॉटेलने नागपूरकरांच्या खोल्या साडेअकरापर्यंत दिल्या. भाचरंडांनी तक्त्यातले क्रमांक बघून पिशव्या ठेवल्या आणि मामेभावाने 'दिलेल्या पिशव्या' भरल्या. महाराष्ट्र एक्सप्रेस उशिरा आली. स्टेशनवरून मंडळी हॉटेलात आली तेव्हा सूत्राचा आकडा शून्य दाखवत होता.

गडबड किल्ल्यांच्या वेळी झाली. नवरदेवाच्या मामांना ३०२ मिळणार होती. मामींनी स्वागतकक्षावर विचारलं, कमोड आहे ना? ३०२ मध्ये भारतीय पद्धतीचा संडास होता. तिथल्या मुलाने लगेच त्यांना २०६ ची किल्ली दिली आणि २०६ साठी आलेल्या पुण्याच्या कुटुंबाला ३०२ दिली. त्याच्या दृष्टीने त्याने पाहुण्यांची अडचण सोडवली. आमच्या टेबलाला सांगायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच गर्दीत अशाच आणखी दोन अदलाबदली झाल्या.

चार वाजता पुण्याच्या कुटुंबातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा टेबलाशी आला. हातात दोऱ्यासकट चिठ्ठी, वर 'व-०४, मामासाहेब'. 'आई विचारते, हे मामासाहेब कोण? आमच्या खोलीत त्यांची पिशवी आहे, आणि आम्हाला इथूनही एक मिळाली.' शालीची घडी मोडलेली होती, नारळ टीव्हीजवळ ठेवला होता. बर्फी अर्धी संपलेली. आणि मामांच्या खोलीत काहीच नव्हतं, पण तक्त्यात त्यांच्यापुढे पिशवी दिल्याची नोंद होती.

मामा-मामी एक शब्द बोलले नव्हते, आणि बोललेही नसते. शेजारच्या खोलीत सगळ्यांनी कवठाची बर्फी खाल्ली आणि आपल्याला मिळाली नाही, हे कोणताही पाहुणा यजमानाला सांगत नाही. लग्नात तक्रार आली नाही म्हणजे सगळं पोचलं, असं धरता येत नाही.

## पुढचा दीड तास

शालीचं काय करायचं, हा पहिला प्रश्न. पुण्याच्या कुटुंबाकडून परत घ्यावी असं एकाने सुचवलं. काकांनी ते लगेच उडवून लावलं, आणि बरोबर केलं. घडी मोडलेली शाल मामांना कशी देणार, आणि आपल्याच माणसाच्या हातून वस्तू काढून घेणं वेगळंच दिसतं. दुसरा पर्याय होता जादा पिशवीत नवीन शाल घालून गुपचूप खोलीत ठेवणं. तेही नको म्हटलं. महाद्वार रोडवरून नवी शाल आणवली, ती पिशवीत घातलीच नाही. संध्याकाळी सीमंतपूजनाच्या वेळी मुलीच्या वडिलांनी स्वतः मामांच्या खांद्यावर घातली. खरं तर ती आधीपासून तशीच द्यायला हवी होती. पिशवी मामींच्या हातात मुलीच्या आईने नेऊन दिली, उशिराबद्दल काही न बोलता, 'प्रवास कसा झाला' म्हणत.

बाकीच्या दोन अदलाबदली कशा शोधायच्या? दारोदार जाऊन 'पिशवी मिळाली का' विचारलं तर न मिळालेल्याचा अपमान, मिळालेल्याला गोंधळ. साडेपाचला चहाची फेरी व्हायचीच होती. दोन मुलींना छापील तक्ता दिला. चहा देताना खोलीत कोण आहे ते बघायचं, टेबलावरची चिठ्ठी दिसली तर खूण वाचायची, बाहेर आल्यावर टिक करायची. त्यातून कळलं की एका खोलीत दोन पिशव्या आहेत, दोन खोल्यांत एकही नाही, आणि आणखी एका खोलीत दुसऱ्याच कुटुंबाच्या नावाची चिठ्ठी आहे. जादा सहांपैकी मामांची धरून तीन वापरल्या. चुकीच्या चिठ्ठीची पिशवी होती तिथेच राहू दिली. आतल्या वस्तू सारख्याच होत्या आणि नाव वाचूनही त्यांनी ती ठेवून घेतली होती.

त्याच वेळी तक्त्यात 'दिलेल्या पिशव्या' या रकान्याचे दोन केले: 'ठेवली' आणि 'मिळाली'. वजाबाकी 'मिळाली' वरून करायला लावली. मघाचा शून्य लगेच हलला आणि चहाच्या फेरीनंतर पुन्हा शून्यावर आला. आता तो खरा होता. स्वागतकक्षावरच्या मुलाला चहा पाजून सांगितलं की किल्ली बदललीस तर टेबलावरच्या दादाला हाक मार. त्याने रात्रीपर्यंत दोनदा मारलीही.

## निष्पत्ती

रात्री नऊनंतर एकही खोली प्रलंबित नव्हती. लॉजमधली मोकळी खोली मध्यरात्री कामी आली. कार्यालयातल्या एका आजोबांना जिना चढल्यावर धाप लागली, त्यांना आणि आजींना लॉजच्या तळमजल्यावर आणलं. त्यांची नवी ओळ लगेच तक्त्यात घातली. ती नसती तर सकाळचे गजरे आणि चहा त्यांना मिळालाच नसता.

लग्नाच्या दिवशी किल्ल्या परत घेताना दुसरी ओढाताण झाली. हॉटेल सकाळी ११ ला खोली सोडायला सांगतं आणि मुहूर्त दुपारचा. नागपूरकर दुसरी रात्र राहणार होते, पण मुंबईकरांची गाडी रात्रीची आणि पुणेकर संध्याकाळी निघणार. चार खोल्या संध्याकाळपर्यंत ठेवून बाकीच्यांचं सामान तिथे गोळा केलं. प्रत्येक बॅगेला पिशवीचीच चिठ्ठी बांधली. 'घ-०७' ची बॅग 'घ-०७' ला, हे शोधायला मिनिटही लागलं नाही. चिठ्ठ्या जाड कार्डशीटच्या होत्या म्हणून टिकल्या.

नागपूरकरांनी जाताना यजमानांच्या हाती संत्रा बर्फीचे डबे ठेवले. मामांनी शाल अंगावर घेतलेलीच होती, मे महिन्यात.

## वेगळं काय करता आलं असतं

हॉटेलच्या स्वागतकक्षाला आदल्या दिवशी एकच वाक्य सांगायचं होतं: आमच्या खोल्यांच्या किल्ल्या फक्त आमच्या टेबलावरून द्यायच्या. २६ किल्ल्यांचा जुडगा सकाळीच ताब्यात मागता येतो, मोठ्या बुकिंगला बहुतेक हॉटेलं तो देतात. तसं झालं असतं तर मामींचा कमोडचा प्रश्न आमच्याच समोर आला असता. कमोडचा रकाना तक्त्यात असता तर तोही आला नसता. लिफ्ट विचारली होती, हे विचारलं नव्हतं.

पिशवी खोलीत आधी ठेवायचीच असेल तर ती नाव नसलेली असावी. सगळ्या सारख्या, प्रत्येक खोलीत ठरलेल्या संख्येने, चिठ्ठी फक्त टेबलावरच्या पिशव्यांना. मग खोल्या कितीही फिरल्या तरी आत सारखंच असतं आणि कमी-जास्त फक्त दोन संसारांच्या खोल्यांत होतं. नाव घातलेली पिशवी हातातच द्यावी. काका आजही म्हणतात की नावाची चिठ्ठी वाचून पाहुण्याचा चेहरा खुलतो. ते खरं असेल, पण तो चेहरा बघायला आपण तिथे उभं असलं पाहिजे.

खोल्यांचा हिशेब आठवडाभर आधी नको, हॉटेल बुक करताना हवा. तेव्हा कुटुंबांचे आकार मांडले असते तर त्याच हॉटेलात आणखी खोल्या मिळाल्या असत्या, सहा जोडप्यांना कार्यालयात हलवावं लागलं नसतं आणि आजोबांचा जिनाही टळला असता. आमंत्रण देतानाच 'किती जण' विचारतात, त्याच फोनवर 'मुक्काम किती रात्री, जिना चालेल का, बाळ आहे का' हेही विचारून घेता येतं.

जेवणाची बिलं आणि कपड्यांच्या इस्त्रीचे पैसे कोण देणार, हे हॉटेलला सांगायचं राहिलं होतं. दोन खोल्यांतून इस्त्रीचं बिल थेट पाहुण्यांकडे मागितलं गेलं. त्यांनी ते भरलं आणि कोणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते हिशेबाच्या पावत्या जुळवताना, लग्नानंतरच्या आठवड्यात. काकांनी पैसे परत पाठवले. त्यांतल्या एकांनी घेतले, दुसऱ्यांनी अजून घेतलेले नाहीत.